विडालचा एकच आकडा आणि टायफॉइडचा निकाल

पावसाळा सुरू झाला की मुंब्रा, कळवा, ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतले दवाखाने तापाच्या रुग्णांनी भरून जातात. तीन दिवस ताप उतरला नाही की डॉक्टर रक्त तपासायला सांगतात. संध्याकाळी लॅबमधून कागद येतो, त्यावर 'विडाल टेस्ट' असे लिहिलेले असते आणि खाली चार आकडे असतात. त्यांतला एखादा ठळक छापलेला असला की घरात बोलाबोल सुरू होते, "टायफॉइड निघाला!" कोणी त्याला मुदतीचा ताप म्हणतात, आपल्याकडची जुनी माणसे मियादी बुखार म्हणतात. मग फोनवरून ही बातमी खालाकडे, मामूकडे जाते आणि त्याच रात्री औषधांचा कोर्स सुरू होतो.

हा कागद खोटा नसतो. त्यावरचा आकडाही बहुतेक वेळा बरोबरच मोजलेला असतो. चूक होते ती त्याचा अर्थ लावताना. ज्या भागात टायफॉइड वर्षानुवर्षे फिरत राहिला आहे, तिथे विडालचा एकच आकडा पाहून 'आज टायफॉइड आहे' असे ठरवता येत नाही, आणि 'नाही' असेही ठरवता येत नाही. असे का होते, हे वाचकांसमोर नीट उलगडून मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

चाचणी नेमके काय शोधते?

टायफॉइडचा जंतू म्हणजे साल्मोनेला टायफी. तो दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जातो, आतड्याच्या भिंतीतून आत शिरतो आणि रक्तात उतरतो. अनेकांचा समज असा की विडाल चाचणी हा जंतू शोधते. तसे नाही. विडाल जंतूला पाहतच नाही. जंतूशी लढण्यासाठी आपल्या शरीराने जी प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, तयार केलेली असतात, ती रक्तात आहेत का आणि किती आहेत, एवढेच ती पाहते.

१८९६ मध्ये पॅरिसचे डॉक्टर जॉर्ज फर्नांड विडाल यांनी ही पद्धत रुग्णांच्या निदानासाठी वापरली, म्हणून तिला त्यांचे नाव मिळाले. तिच्यामागची कल्पना साधी आहे. टायफॉइडच्या रुग्णाच्या रक्तातले पाण्यासारखे निवळ द्रव, म्हणजे सीरम, घ्यायचे आणि त्यात टायफॉइडचे जंतू मिसळायचे. सीरममध्ये प्रतिपिंडे असतील तर ती एकाच वेळी दोन-दोन जंतूंना धरतात. असे धरत धरत जंतूंचे पुंजके बनतात आणि ते डोळ्यांना दिसतात. प्रतिपिंडे नसतील तर द्रव आधीसारखाच एकसारखा गढूळ राहतो. आजच्या लॅबमध्ये जिवंत जंतू वापरत नाहीत. मारलेल्या जंतूंचे तयार द्रावण बाटलीतून मिळते.

रिपोर्टवर चार ओळी का असतात, तेही सांगायला हवे. टायफॉइडच्या जंतूच्या अंगावर ओ नावाचा घटक असतो आणि त्याच्या शेपटीसारख्या तंतूंवर एच नावाचा. या दोन्हींविरुद्ध शरीर वेगवेगळी प्रतिपिंडे बनवते. त्यांच्या ओळी टीओ आणि टीएच या नावांनी छापतात. उरलेल्या दोन ओळी, एएच आणि बीएच, टायफॉइडच्या भावंडांसाठी, म्हणजे पॅराटायफॉइड ए आणि बी यांच्यासाठी असतात. ताप सुरू झाल्यानंतर साधारण सहाव्या ते आठव्या दिवशी ओ प्रतिपिंडे दिसू लागतात, तर एच प्रतिपिंडे दहाव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास. ओ काही महिन्यांत ओसरू लागतात. एच मात्र पुष्कळ जास्त काळ, कधी कधी काही वर्षे टिकून राहतात. हे दिवस आणि हा काळ लक्षात ठेवावा, कारण पुढचा सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो.

१:८० म्हणजे काय?

समजा सरबताचा एक ग्लास आहे. त्यातले अर्धे दुसऱ्या ग्लासात ओतून वर तेवढेच पाणी घातले, मग त्यातले अर्धे तिसऱ्यात, असे करत गेलो तर प्रत्येक ग्लासात गोडवा निम्मा होत जाईल. कितव्या ग्लासापर्यंत गोड लागते, यावरून मूळ सरबतात साखर किती होती याचा अंदाज येतो. लॅबमध्ये सीरमचे हेच करतात. १:२०, १:४०, १:८०, १:१६०, १:३२० अशा नळ्यांची रांग मांडतात. प्रत्येक नळीत सीरम आधीच्या नळीपेक्षा निम्मे असते. सगळ्यांत जंतूंचे द्रावण सारखेच घालतात आणि नळ्या ३७ अंश तापमानाला रात्रभर ठेवतात. सकाळी पाहिले की ज्या नळीत पुंजके झाले नाहीत, तिच्या तळाशी जंतूंचा बटणासारखा घट्ट ठिपका बसलेला असतो. जिथे एच प्रतिपिंडे आहेत तिथे कापसासारखे सैल गोळे दिसतात, आणि ओ असतील तर तळाशी बारीक कणीदार थर पसरतो. ज्या शेवटच्या नळीत असे पुंजके दिसतात, तोच आकडा रिपोर्टवर येतो. यालाच टायटर म्हणतात.

मोहल्ल्यातल्या बहुतेक छोट्या लॅबमध्ये नळ्या मांडत नाहीत. काचेच्या पट्टीवर सीरमचा थेंब आणि रंगवलेल्या जंतूंचा थेंब मिसळून एक मिनिट हलवतात आणि पुंजके होतात का ते पाहतात. ही पद्धत झटपट होते, पण तिच्यात चूक व्हायलाही फार वेळ लागत नाही. एक मिनिटाऐवजी उशिराने पाहिले तर थेंब कडेने सुकतो आणि सुकलेल्या कणांचे पुंजके वाटतात. निकाल नजरेने ठरवायचा असल्यामुळे एकाला १:८० दिसेल तिथे दुसऱ्याला १:१६० दिसू शकते. द्रावण बनवणारी कंपनी बदलली तरी आकडा एका पायरीने सरकू शकतो. म्हणून एका नळीचा फरक, म्हणजे १:८० आणि १:१६० यांतला फरक, जाणकार फरक मानतच नाहीत.

आपल्या देशात अनेक ठिकाणी ओ साठी १:८० आणि एच साठी १:१६० ही रेषा धरतात आणि त्याच्या वर गेले की 'पॉझिटिव्ह' छापतात. पण ही रेषा निसर्गाने आखलेली नाही. एखाद्या भागातल्या निरोगी माणसांच्या, उदाहरणार्थ रक्तदात्यांच्या, रक्तात एरवी किती टायटर असते ते तपासून ती त्या भागापुरती ठरवायची असते. काही वर्षांनी ती पुन्हा तपासावीही लागते. बहुतेक लॅब मात्र द्रावणाच्या डब्यावर छापलेलीच रेषा वापरतात.

आकड्यावर तारीख नसते

आता मूळ अडचणीकडे येऊ. प्रतिपिंड हे शरीराच्या आठवणीचे चिन्ह आहे. एखाद्या वहीत 'पैसे मिळाले' अशी नोंद आहे, पण तारीख लिहिलेली नाही, तशी ही नोंद आहे. ते पैसे आज मिळाले की दोन वर्षांपूर्वी, हे त्या ओळीवरून कळत नाही. विडालचा टायटरही शरीराने हा जंतू कधीतरी पाहिला आहे एवढेच सांगतो. तो जंतू या आठवड्यात पाहिला की मागच्या पावसाळ्यात, हे एका आकड्यातून वाचता येत नाही.

जिथे टायफॉइड क्वचितच होतो तिथे लोकांच्या रक्तात या जुन्या नोंदी जवळजवळ नसतात. तिथे मोठा आकडा आला तर तो आजचा असण्याची शक्यता बरीच. आपल्याकडे तसे नाही. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या नळांना उल्हास नदीचे, बारवी आणि भातसा धरणांचे पाणी येते. ते शुद्ध करून सोडले तरी अनेक वस्त्यांत दिवसाचे काही तासच येते. नळ बंद असताना जलवाहिनीतला दाब जातो. शेजारून गटार वाहत असेल आणि वाहिनीला चीर असेल, तर घाण पाणी आत खेचले जाते. दाट वस्तीत वाढलेल्या माणसाच्या पोटात हा जंतू लहानपणापासून केव्हा ना केव्हा गेलेला असू शकतो. प्रत्येक वेळी माणूस खाटेवर पडतोच असे नाही. कधी दोन दिवस अंग मोडून येते आणि जाते, पण रक्तात नोंद मात्र राहते.

यात आणखी दोन गोष्टी भर घालतात. टायफॉइडच्या जंतूवरचे काही घटक त्याच्या इतर नातलग जंतूंवरही असतात, त्यामुळे त्यांच्या संसर्गानेही विडालचा आकडा चढतो. आणि ज्याला पूर्वी टायफॉइड होऊन गेला आहे, त्याला मलेरियासारखा दुसराच ताप आला तरी जुनी प्रतिपिंडे, विशेषतः एच, पुन्हा वर येऊ शकतात. म्हणजे ताप दुसऱ्याचा आणि नाव टायफॉइडचे, असे होऊ शकते.

शंभर रुग्णांचा हिशेब

हे आकड्यांनी समजून घेऊ. पुढचे आकडे कुठल्या पाहणीतले नाहीत, हिशेब कळावा म्हणून धरलेले आहेत. समजा जुलैमध्ये एका दवाखान्यात तापाचे शंभर रुग्ण आले. त्यांतल्या दहा जणांना खरोखर टायफॉइड आहे. बाकी नव्वद जणांना डेंग्यू, मलेरिया, लेप्टो किंवा साधा विषाणूचा ताप आहे. सगळ्यांची विडाल केली. टायफॉइडच्या दहापैकी सात जणांचा आकडा रेषेच्या वर गेला. उरलेल्या तिघांचा अजून वाढलाच नाही, कारण ते लवकर आले. दुसरीकडे, त्या भागात दर पाच माणसांपैकी एकाच्या रक्तात जुनी प्रतिपिंडे आहेत असे धरू. मग नव्वदपैकी अठरा जणांचाही आकडा वर जाईल. एकूण पंचवीस जणांच्या रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' छापले गेले आणि त्यांत खरे टायफॉइडचे रुग्ण फक्त सात. बाकी अठरा जणांना दुसराच आजार आहे.

आता बाकी सगळे तसेच ठेवू आणि एकच गोष्ट बदलू. समजा हेच शंभर रुग्ण अशा गावातले आहेत जिथे जुनी प्रतिपिंडे दर तीस माणसांत एकाच्याच रक्तात आहेत. मग नव्वदपैकी फक्त तिघांचा आकडा वर जाईल. दहा पॉझिटिव्हमध्ये सात खरे निघतील. लॅब तीच, द्रावण तेच, रेषाही तीच. फक्त माणसांच्या रक्तातल्या जुन्या नोंदी कमी झाल्या आणि त्याच कागदाचा भरवसा कितीतरी वाढला.

गावागावांत हा फरक किती मोठा असतो, हे आपल्याच देशात दिसले आहे. २०१७ ते २०२० या काळात देशात चार ठिकाणी सुमारे २४ हजार मुलांवर नियमित लक्ष ठेवून टायफॉइड मोजला गेला. रक्त कल्चरने पक्का झालेला टायफॉइड दर लाख मुलांमागे वर्षाला वेल्लोरमध्ये ११७३, कोलकात्यात ७१४ आणि दिल्लीत ५७६ असा निघाला. ही तिन्ही शहरी वस्तीची ठिकाणे होती. चौथे ठिकाण पुणे जिल्ह्यातला ग्रामीण भाग होता आणि तिथे हाच आकडा फक्त ३५ होता. एकच विडाल रिपोर्ट कोलकात्याच्या वस्तीत आणि पुण्याच्या त्या गावात सारख्या अर्थाने वाचता येणार नाही, हे यावरून उघड आहे. मुंब्रा किंवा कल्याणच्या दाट मोहल्ल्यांचे राहणीमान या दोहोंपैकी कोणाच्या जवळचे आहे, ते वाचकांना सांगायला नको.

दोन घरे, दोन रिपोर्ट

आता दोन कल्पित रुग्ण घेऊ. असे रुग्ण प्रत्यक्षात रोज दिसतात.

पहिला कौशातला पंचवीस वर्षांचा तरुण, भिवंडीत कामाला जाणारा. ताप येऊन तीन दिवस झाले आहेत, डोके आणि डोळ्यांमागे दुखते आहे, अंग ठणकते आहे. विडाल केली. टीओ १:१६०, टीएच १:१६०. घरच्यांच्या मते निकाल लागला. पण दिवस मोजून पाहा. आजचा टायफॉइड असता तर तिसऱ्या दिवशी ओ प्रतिपिंडे नुकती बनायलाही सुरुवात झाली नसती, एच तर त्याहून उशिरा येतात. मग तिसऱ्या दिवशी दोन्ही इतकी वर कशी? ती आधीपासूनच तिथे असणार, हीच शक्यता जास्त. डॉक्टरांनी डेंग्यूची तपासणी केली आणि ती पॉझिटिव्ह आली. दहा दिवसांनी पुन्हा विडाल केली तेव्हा आकडे तेच, १:१६० आणि १:१६०. आज लढाई चालू असती तर ते चढले असते. न हललेला आकडा म्हणजे जुनी नोंद.

दुसरी कल्याणची नऊ वर्षांची मुलगी. पाच दिवस ताप, रोज संध्याकाळी चढणारा, भूक मेलेली, जीभ पांढरी, पोट फुगलेले. विडाल झाली, टीओ १:४०, टीएच १:२०, रिपोर्टवर 'निगेटिव्ह'. दादी म्हणाल्या, "चला, टायफॉइड नाही, शुक्र आहे." अम्मीला मात्र चैन पडेना. सुदैवाने डॉक्टरांनी त्याच दिवशी, औषध सुरू करण्याआधी, रक्त कल्चरला पाठवले होते. तिसऱ्या दिवशी त्यात साल्मोनेला टायफी वाढला. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी विडाल पुन्हा केली तेव्हा टीओ १:३२० झाला होता. १:४० पासून १:३२० म्हणजे तीन पायऱ्या, आठपट वाढ. ही वाढ खरी साक्ष देते.

जाणकार नियम मांडतात तो हाच. पहिल्या आठवड्यात एक नमुना, मग दहा ते चौदा दिवसांनी दुसरा, दोन्ही एकाच लॅबमध्ये, शक्यतो एकाच वेळी तपासलेले. दुसऱ्यात आकडा किमान चारपट, म्हणजे दोन पायऱ्या चढला असेल, तर संसर्ग ताजा मानायचा. चारपटच का, ते वर आलेच आहे. एक पायरी मोजण्याच्या चुकीनेही सरकते, दोन पायऱ्या सहसा सरकत नाहीत. या नियमाला दोन मर्यादा आहेत. निकाल येईपर्यंत दोन आठवडे जातात, तोपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत. शिवाय औषध लवकर सुरू झाले तर प्रतिपिंडे पुरेशी बनतच नाहीत आणि खऱ्या रुग्णातही आकडा खाली राहू शकतो.

नवी मुंबईने मोजताना काय केले?

आपल्या शेजारीच एक मोलाचा दाखला आहे. २०१८ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना टायफॉइडची नवी संयुग्म लस देण्याची मोहीम हाती घेतली. सरकारी यंत्रणेमार्फत ही लस एवढ्या मोठ्या प्रमाणात देण्याचा जगातला तो पहिलाच प्रयोग होता. शहरातल्या बावीस नागरी आरोग्य केंद्रांपैकी अकरांच्या हद्दीत आधी लस दिली गेली आणि लाखाहून अधिक मुलांनी ती घेतली. उरलेल्या अकरांशी तुलना करून लसीचा परिणाम पाहायचा होता.

अशा वेळी एकेक रुग्ण बरोबर मोजला गेला पाहिजे. डेंग्यूचा रुग्ण टायफॉइड म्हणून मोजला, तर चांगली लसही निकामी ठरेल. म्हणून तिथे टायफॉइडचा रुग्ण कोण, हे विडालवर सोडले नाही. तापाच्या मुलांचे रक्त कल्चरला लावून ज्यांच्यात जंतू वाढला, तेच पक्के रुग्ण धरले. वर सांगितलेल्या चार ठिकाणच्या पाहणीतही तसेच केले होते.

वाचकांपैकी ज्यांच्या मुलांनी ही लस घेतली असेल त्यांच्या मनात एक शंका येऊ शकते, की लसीमुळे विडाल पॉझिटिव्ह येईल का? जुन्या काळी मारलेल्या अख्ख्या जंतूंची लस देत असत, तिने विडालचा आकडा चढत असे. नव्या लसीत जंतूच्या बाहेरच्या आवरणाचा व्हीआय नावाचा घटकच असतो. विडाल ओ आणि एच पाहते, व्हीआय पाहत नाही. त्यामुळे या लसीने विडालचा आकडा चढण्याचे कारण नाही.

रक्त कल्चरची ताकद आणि मर्यादा

कल्चरमध्ये प्रतिपिंडांची आठवण नाही, खुद्द जंतूच पकडला जातो. रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घालून यंत्रात ठेवतात. जंतू असेल तर तो वाढतो, बहुधा एक ते तीन दिवसांत यंत्राला कळतो, आणि बाटली पाच दिवसांपर्यंत ठेवतात. जंतू हाती आला की कोणते औषध त्याला मारते हेही तपासता येते. आपल्या देशात सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद न देणारा टायफॉइड आता सर्रास आढळतो, म्हणून ही माहिती फार उपयोगाची. विडाल हे कधीच सांगू शकत नाही.

पण कल्चरही चुकते, आणि त्याचे कारण समजले तर चूक कमी करता येते. टायफॉइडमध्ये रक्तात जंतू फारच थोडे असतात, कित्येकदा एका मिलिलिटरमध्ये एकही सापडत नाही. म्हणून मोठ्या माणसाचे आठ-दहा मिलिलिटर रक्त घ्यावे लागते, लहान मुलाचे वयाप्रमाणे दोन ते पाच. "एवढे रक्त कशाला?" म्हणून आपण लॅबवाल्याशी हुज्जत घालतो आणि बाटलीत कमी रक्त पडते, तिथेच जंतू निसटतो. दुसरे, अँटिबायोटिकची एक-दोन गोळी आधी पोटात गेली असेल तर जंतू दबतो आणि बाटलीत वाढत नाही. तिसरे, पहिल्या आठवड्यात तो सर्वांत सहज सापडतो, नंतर कमी. हे सगळे सांभाळले तरी कल्चर टायफॉइडच्या दहा रुग्णांपैकी साधारण सहाच पकडते. त्यामुळे कल्चर पॉझिटिव्ह आले तर शंका उरत नाही. निगेटिव्ह आले तर मात्र लक्षणे, ताप किती दिवसांचा आणि बाकीच्या तपासण्या पाहून डॉक्टरांना ठरवावे लागते.

रुग्ण फार आजारी असेल तर कल्चरचा निकाल येईपर्यंत थांबायचे नसते. आधी रक्त घ्यायचे, मग लगेच औषध सुरू करायचे. क्रम एवढाच पाळायचा असतो.

चुकीच्या नावाची किंमत

कोणी म्हणेल, टायफॉइड नसताना औषध घेतले तर बिघडले कुठे? बिघडते ते असे. टायफॉइडचे नाव एकदा लागले की खरा आजार शोधणे थांबते. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबई परिसरात लेप्टोस्पायरोसिसची मोठी साथ आली होती. पुराच्या पाण्यातून चालल्यावर येणारा हा ताप मूत्रपिंडे आणि फुप्फुसे निकामी करू शकतो आणि त्यात दिवस वाया जाणे परवडत नाही. डेंग्यूत प्लेटलेट आणि रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते. अशा रुग्णाच्या हातात विडालचा कागद असेल आणि सगळे त्याच्यावरच विसंबले असतील, तर तो कागद घातक ठरतो.

दुसरी किंमत हळूहळू मोजावी लागते. पुष्कळ घरांत टायफॉइडचा कोर्स संपल्यावर 'गेला की नाही' हे पाहायला पुन्हा विडाल करतात. आकडा तसाच दिसतो. मग 'टायफॉइड हाडात मुरला', 'जुना टायफॉइड आहे' असे म्हणत दुसरा कोर्स, तिसरा कोर्स. बरा झालेला रुग्णही आठवणीचे आकडे महिनोन्महिने अंगावर बाळगतो. बरे झाल्याची खूण म्हणजे ताप उतरलेला आहे, भूक परतली आहे, वजन वाढते आहे. टायटर खाली येणे ही ती खूण नव्हे. विडाल बरे झाल्याची चाचणी म्हणून वापरायचीच नसते.

घरच्यांनी करायचे ते

आम्ही डॉक्टरांची जागा घेऊ शकत नाही, पण दवाखान्यात जाताना तीन गोष्टी घरच्यांच्या हातात असतात. ताप कोणत्या तारखेला सुरू झाला ते कागदावर लिहून न्या, कारण कोणत्याही रिपोर्टचा अर्थ त्या तारखेवर अवलंबून असतो. घरातली उरलेली अँटिबायोटिक गोळी स्वतःहून देऊ नका, आणि दिली असेल तर लपवू नका. टायफॉइडची शंका असेल तर "औषधाआधी कल्चर घ्यायचे का, आणि मलेरिया-डेंग्यूची तपासणी झाली का?" असे डॉक्टरांना अदबीने विचारा.

आणि विडालचे जुने कागद फेकू नका. मागच्या वर्षी तब्येत ठणठणीत असताना केलेल्या तपासणीत १:८० आला होता, हे डॉक्टरांना दिसले तर यंदाच्या १:१६० कडे ते वेगळ्या नजरेने पाहतील. एकट्या आकड्याला तारीख नसते, पण तारीखवार ठेवलेले दोन आकडे शेजारी ठेवले की रक्तात काही बदलले आहे की नाही, ते कळू लागते.

पोटात अचानक तीव्र दुखू लागले, शौच काळी झाली, रुग्ण गुंगीत बोलू लागला किंवा लघवी कमी झाली, तर कोणत्याही रिपोर्टची वाट पाहू नका. टायफॉइडमध्ये तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो. त्या वेळी विडाल किती आली, याला काहीच महत्त्व नसते. रुग्णाला सरळ मोठ्या रुग्णालयात न्या.